बरणीवरचा चिकटा : आधी तेल, मग साबण



मुरंब्याची किंवा सॉसची काचेची बरणी रिकामी झाली की आपल्या घरात ती टाकून देत नाहीत. धुऊन, पुसून, तिच्यात जिरे-मोहरी, तूप किंवा लिंबाचे लोणचे भरायचे ही आपली जुनी रीत. पण बरणीवरचा कागद ओढला की तो अर्धा निघतो आणि अर्धा राहतो. राहिलेल्या भागावर हात लावला की बोट चिकटते. दोन दिवसांनी त्याच जागेवर चुलीची काजळी आणि अंगणातली धूळ बसते, आणि स्वच्छ बरणीवर काळा डाग तयार होतो. नव्या स्टीलच्या डब्याच्या बुडाला आणि प्लॅस्टिकच्या झाकणावरही हेच होते. मग घरातली बाई तारेची घासणी घेते, नाहीतर सुरी घेते, आणि चिकट्याबरोबर भांड्याची चकाकीही घालवून बसते.

हा चिकटा काढायला फारसे काही लागत नाही. चमचाभर शेंगतेल, थोडे गरम पाणी, जुने सुती फडके आणि भांडी घासायचा साबण एवढे पुरे. मात्र कोणती वस्तू आधी आणि कोणती मागून हा क्रम चुकला तर तासभर घासूनही हाती काही लागत नाही. हा क्रम असा का, ते आधी पाहू.

चिकटा दोन जातींचा

भांड्यावर चिकटवलेल्या कागदाखाली साधारण दोन प्रकारचा चिकटा असतो. पहिला जुन्या पद्धतीचा, म्हणजे खळीचा किंवा डिंकाचा. आपण पतंगाला किंवा वहीच्या पुठ्ठ्याला जी खळ लावतो तिचाच हा भाऊ. कारखान्यात काचेच्या बाटलीवर साधा कागद लावताना असा चिकटा अनेकदा वापरतात. तो पाण्यात फुगतो, बुळबुळीत होतो आणि निघून जातो.

दुसरा स्वतःच चिकटणाऱ्या स्टिकरचा. याला पाणी लावावे लागत नाही. मागचा गुळगुळीत कागद सोलला आणि बोटाने दाबले की तो बसतो. असे लेबल अमेरिकेत स्टॅन्टन एव्हरी नावाच्या माणसाने 1935 साली प्रथम बाजारात आणले, आणि आज किमतीच्या चिठ्ठीपासून डब्याच्या बुडावरच्या कारखान्याच्या नावापर्यंत सगळीकडे तेच दिसते. याचा चिकटा रबरासारख्या किंवा प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो. तो कधीच पुरता वाळत नाही आणि पाणी त्याच्यात शिरत नाही. म्हणून अशा स्टिकरचे भांडे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले तरी सकाळी कागद लगद्यासारखा निघतो आणि चिकटा जागच्या जागी राहतो.

तुम्ही फणस चिरला असेल तर हे एका दमात समजेल. फणस चिरण्याआधी आपण हाताला आणि विळीला तेल लावतो. न लावता चिरला तर हाताला जो चीक बसतो तो पाण्याने धुतला की पसरतो, साबणाने घासला की आणखी घट्ट होतो, आणि शेवटी तेलाचे बोट फिरवले की सुटतो. रबराच्या झाडाचा चीक आणि फणसाचा चीक यांचा स्वभाव सारखाच आहे. दोघांचे पाण्याशी वैर आणि तेलाशी सख्य. ट्रॅक्टरचे वंगण हाताला लागले की मेकॅनिक आधी हाताला थोडे तेल चोळतो आणि मग साबण लावतो, त्याचेही कारण हेच.

तेल चिकट्यात शिरते, त्याला फुगवते, मऊ करते आणि भांड्यापासून सोडवते. मग साबण येतो, तो त्या तेलाला धरतो आणि पाण्याबरोबर नेतो. साबण एकटा चिकट्याला धरू शकत नाही, पण तेलात मिसळलेल्या चिकट्याला धरू शकतो. एवढे ध्यानात राहिले की बाकी सारे आपोआप जमते.

यातून एक गोष्ट निघते, ती बहुतेक घरांत चुकते. तेल लावताना भांडे कोरडे हवे. ओल्या चिकट्यावर तेल लावले तर मध्ये पाण्याचा पातळ पदर राहतो आणि तेल चिकट्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून कागद भिजवून काढला असेल तर ती जागा फडक्याने पुसा, दहा मिनिटे उन्हात ठेवा, आणि मगच तेलाला हात घाला.

आपल्याकडे कोणती जात आहे ते कसे ओळखावे

कागदाचा वरचा पदर नखाने सोलून घ्या आणि उरलेल्या जागेवर कोमट पाण्याचे बोट मिनिटभर फिरवा. जागा बुळबुळीत झाली आणि पाणी दुधासारखे गढूळ झाले तर ती खळ समजा. तिला तेल लावू नका, उगाच चिखल होईल. पाणी फिरवूनही जागा तशीच चिकट राहिली, किंवा अंगठ्याने रेटल्यावर चिकट्याच्या बारीक वळ्या होऊ लागल्या, तर तो रबरी चिकटा. त्याला तेलच हवे.

वरचा पदर सोलणे महत्त्वाचे आहे. कित्येक लेबलांवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. त्याच्यातून पाणीही खाली जात नाही आणि तेलही जात नाही. तो पापुद्रा आधी काढा. निघत नसेल तर नखाने आडव्या-उभ्या रेघा ओढा, म्हणजे आत जायला वाट मिळेल.

लोणीतल्या एका घरातल्या तीन वस्तू

आंबेगाव तालुक्यात, घोडेगावापासून बरेच पूर्वेला, धामणीच्या बाजूला लोणी नावाचे गाव आहे. त्या गावातल्या एका घरी ओसरीवर बसून आम्ही एकाच दुपारी तीन वस्तू स्वच्छ केल्या. एक काचेची बरणी, मंचरहून आणलेला तीन ताळी नवा स्टीलचा डबा, आणि प्लॅस्टिकच्या बरणीचे झाकण. त्या घरच्या वहिनींना बरणीत घरचे तूप भरायचे होते आणि डबा मुलाला शाळेत न्यायचा होता. गावाचे नाव लोणी आणि बरणीत तूप, असा योग जुळला होता. तिन्ही वस्तूंवर चिकटा होता, पण तिन्हींना एकच औषध चालले नाही. म्हणून ते क्रमाने सांगतो.

काचेची बरणी

बरणीला दोन लेबले होती. पुढचे मोठे रंगीत आणि मागे छोटी किमतीची चिठ्ठी. बोटाची परीक्षा केली तेव्हा मोठे लेबल खळीचे निघाले आणि चिठ्ठी रबरी. एकाच बरणीवर दोन्ही जाती असणे काही नवल नाही, कारण एक कारखान्यात लागते आणि दुसरी दुकानात.

बरणीत आधी कोमट पाणी भरले आणि दोन मिनिटे राहू दिले. मग ते ओतून आंघोळीच्या पाण्याइतके गरम पाणी भरले. ही पायरी गाळू नका. थंड बरणीत एकदम उकळते पाणी ओतले तर काचेचा आतला भाग लगेच पसरतो, बाहेरचा भाग मागे राहतो, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. जाड बुडाची बरणी तर आणखी लवकर तडकते. पौष-माघाच्या थंडीत ओसरीवर रात्रभर राहिलेल्या बरणीबाबत जास्त जपा.

मग एका पसरट भांड्यात दोन लिटर गरम पाणी घेऊन त्यात दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा टाकला आणि बरणी त्यात आडवी ठेवली. अर्ध्या तासात मोठे लेबल आपणहून घसरले आणि खालची खळ काथ्याच्या घासणीने दोन हातांत निघाली. सोड्याचे हे पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका. सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि भांडे काळे पडते. प्लॅस्टिकची बादली किंवा स्टीलचे पातेले घ्या, आणि हाताला चिरा असतील तर सोडा झोंबतो हेही लक्षात असू द्या.

मागच्या चिठ्ठीचा चिकटा मात्र सोड्याला बधला नाही, आणि बधणार नव्हताच. बरणी पुसून उन्हात कोरडी केली. चिकट्यावर अर्धा चहाचा चमचा शेंगतेल बोटाने पसरवले आणि वीस मिनिटे तशीच राहू दिली. नंतर कोरड्या सुती फडक्याने एकाच दिशेने रेटत पुसले. चिकट्याच्या वळ्या होऊन त्या फडक्यावर आल्या. जो थोडा भाग राहिला त्यावर पुन्हा दोन थेंब तेल आणि दहा मिनिटे. मग भांडी घासायचा साबण कोरड्या घासणीवर घेऊन तेलावर चोळला, आणि सगळ्यात शेवटी गरम पाणी. पाणी आधी घातले असते तर तेल बरणीभर पसरले असते.

काम पुरे झाले का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी बरणीवर स्वच्छ पाणी ओता. पाणी एकसारखा पदर धरून खाली उतरले तर काच निर्मळ आहे. एखाद्या जागी पाणी फाटून त्याचे थेंब झाले तर तिथे तेल किंवा चिकटा अजून आहे. तेवढ्याच जागेवर पुन्हा साबण लावा. ही परीक्षा तूप किंवा लोणचे भरणाऱ्यांनी जरूर करावी, कारण उरलेले तेल काही दिवसांनी खवट होते आणि त्याचा वास आतल्या जिन्नसाला लागतो. धुतलेली बरणी भर उन्हात उपडी न ठेवता तिरकी ठेवून आतून पूर्ण वाळवा. लोणच्याच्या बरणीत पाण्याचा अंश राहिला तर बुरशी येते, मग चिकटा कितीही छान निघालेला असो.

कोणते तेल घ्यावे

आपल्या भागात शेंगतेल सगळीकडे असते आणि या कामाला ते उत्तम. खोबरेल तेलही चालते, पण जुन्नर-आंबेगावच्या थंडीत ते बाटलीत गोठते. गोठलेले तेल चिकट्यात शिरत नाही, तेव्हा थंडीत ते कोमट करून घ्या. जवसाचे तेल मात्र वापरू नका. जवसाचे तेल हवेला सुकून आपणच घट्ट पापुद्रा होते, म्हणून तर रंगात ते घालतात. करडईचे तेलही पातळ थरात दोन-चार दिवस राहिले तर चिकट होते. ते वापरलेच तर त्याच दिवशी साबणाने धुऊन टाका. एक चिकटा काढून दुसरा लावून ठेवायला नको.

तेल आणि खाण्याचा सोडा यांचा लेप करून लावतात, तोही चालतो. त्यात चिकटा सोडवतो तो तेलच. सोड्यामुळे तेल उभ्या बरणीवरून ओघळत नाही आणि बारीक रव्यासारखे घासायला मदत होते, एवढाच त्याचा उपयोग.

स्टीलचा डबा

नव्या डब्याच्या प्रत्येक ताळीच्या बुडाला गोल स्टिकर होते, आणि एका ताळीत ते नेमके आतल्या बाजूला होते. स्टीलला काचेसारखा तडकण्याचा धोका नाही, त्यामुळे उष्णतेचा उपयोग मोकळ्या मनाने करता येतो. ताळी दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवली की धातू चांगला तापतो आणि चिकटा सैल होतो. ऊन नसेल तर स्टिकर बाहेरून असताना ताळीत गरम पाणी भरा, आणि आतून असताना ताळी गरम पाण्यावर तरंगत ठेवा.

मग स्टिकरचे एक टोक नखाने उचला आणि ते जवळजवळ भांड्याला समांतर धरून सावकाश ओढा. घाईने ओढले तर कागद हातात येतो आणि चिकटा मागे राहतो. हळू ओढले तर चिकटा कागदाबरोबर येतो. उबदार चिकटा आणि सावकाश हात, या दोन गोष्टींनी त्या घरच्या तीनपैकी दोन स्टिकर पूर्ण निघाले. तेलाची गरजच पडली नाही. तिसरे फाटले, त्याला शेंगतेल आणि वीस मिनिटे.

स्टिकर काढायला ताळी गॅसवर किंवा चुलीवर रिकामी धरतात, ते करू नका. चिकटा मऊ होण्याची वेळ क्षणात निघून जाते आणि तो जळून तांबूस-काळा होतो. जळलेला चिकटा तेलालाही दाद देत नाही. शिवाय पातळ स्टीलवर निळे-पिवळे ढग उठतात, ते वेगळेच.

तारेची घासणी आणि सुरी स्टीलपासून दूर ठेवा. स्टीलच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ पदर असतो, त्यामुळे त्याला गंज चढत नाही. साध्या लोखंडी तारेने घासले की चकाकी जाते आणि तारेचे बारीक कण भांड्यात रुततात. काही दिवसांनी तिथे तांबडे ठिपके दिसतात आणि माणूस म्हणतो, दुकानदाराने फसवले, स्टील खोटे निघाले. ते ठिपके त्या कणांच्या गंजाचे असतात. राखेनेही नव्या डब्यावर रेघा पडतात. खरवडायचेच असेल तर बांबूची चपटी काडी, नाहीतर लाकडी चमच्याची कड घ्या. आरशासारख्या चकाकत्या भांड्यावर मऊ फडकेच हवे. बुडाला बारीक रेघांची घडण दिसत असेल तर रेघांच्या दिशेनेच पुसा, आडवे पुसू नका.

डब्याच्या आतल्या भागाला खाण्याचे तेल आणि साबण यांशिवाय काहीही लावू नका. शेवटी ताळीत पाणी उकळून टाकून द्या, म्हणजे तेलाचा अंशही जातो. डब्याच्या झाकणात रबराचे कडे असेल तर ते आधीच काढून बाजूला ठेवा. रबराला तेल लागले की ते फुगते, सैल होते, आणि मग शाळेच्या पिशवीत डाळ सांडते.

प्लॅस्टिकचे झाकण

तिन्हींत नाजूक हेच. झाकणाला कडक उष्णता सोसत नाही. पातळ झाकण उकळत्या पाण्यात वाकडे झाले की बरणीवर पुन्हा बसत नाही. तारेने आणि सोड्याच्या लेपाने त्यावर रेघा पडतात आणि त्या रेघांत मळ बसतो. तेल चालते, पण थोडे आणि थोडा वेळ. प्लॅस्टिक तेलाचा वास धरते.

म्हणून झाकणावर पहिला उपाय कोरडा करावा. त्या घरी आम्ही चिकट्यावर चिमूटभर गव्हाचे पीठ भुरभुरले आणि अंगठ्याने रेटले. पिठाने चिकट्याची पकड मरते आणि त्याच्या आळ्यांसारख्या वळ्या होऊन पडतात. दुसरा उपाय चिकटपट्टीचा. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा चिकट्यावर दाबून झटकन उचला. चिकटा गुळगुळीत झाकणापेक्षा आपल्या जातीच्या पट्टीला अधिक धरतो आणि तिच्याबरोबर येतो. पाच-सात वेळा नवा तुकडा घेऊन हे केले की बहुतेक काम होते. त्या झाकणावर शेवटी एक पुसटसा पट्टा राहिला. त्यावर दोन थेंब तेल, पाच मिनिटे, फडके, साबण आणि कोमट पाणी. बस्स.

झाकणाच्या आत त्रिकोणात एखादा आकडा दिसतो, तो पाहून घ्या. 2, 4 किंवा 5 असेल तर ते मेणासारखे गुळगुळीत प्लॅस्टिक आहे, त्याचा चिकटा सहज सुटतो. 6 असेल, किंवा झाकण काचेसारखे पारदर्शक आणि कडक असेल, तर नेलपॉलिश काढायचे पाणी किंवा थिनर त्याच्या जवळही नेऊ नका. असे झाकण त्या पाण्याने विरघळते, पांढुरके होते किंवा चिरते. हे बिघडलेले रूप पुन्हा सुधारत नाही.

तेलालाही न जुमानणारा चिकटा

काही नव्या लेबलांचा चिकटा रबराचा नसून ॲक्रिलिकचा असतो. तो तेलाने मऊ होतो, पण पूर्ण सुटत नाही. त्याला स्पिरिट लागू पडते. 2020 च्या साथीत घरोघरी आलेल्या हात चोळायच्या सॅनिटायझरची बाटली अजून कुठे पडली असेल तर तिचे चार थेंब फडक्यावर घ्या आणि काचेवरची किंवा स्टीलच्या बाहेरच्या बाजूची जागा पुसा. आधी तेल लावले असेल तर ते साबणाने धुऊन जागा कोरडी करा आणि मग स्पिरिट वापरा. हे काम चुलीपासून, दिव्यापासून आणि विडीपासून दूर, अंगणात करा. सॅनिटायझर पेटते आणि उन्हात त्याची ज्योत दिसतही नाही. कडक पारदर्शक झाकणाला हेही लावू नका.

रॉकेल, पेट्रोल आणि थिनर यांनी चिकटा निघतो हे खरे. पण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या चुलीवर पेट घेते, आणि पेट्रोलमध्ये बेंझीनसारखा घातक पदार्थ असतो. रॉकेलचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरला की महिनोन्‌महिने जात नाही. खाण्याच्या भांड्याला यांतले काही नको. वर्षानुवर्षे उन्हात राहून पिवळा, ठिसूळ झालेला चिकटा तेलाने दोन-तीन खेपांत निघाला नाही, तर त्या बरणीत खिळे-मोळे ठेवा. सगळ्या बरण्या स्वयंपाकघरात यायला हव्यात असे नाही.

जे लेबल काढायचेच नाही

आता शेवटची गोष्ट, आणि ती चिकट्याइतकी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो पाठवणाऱ्या, कांदा आणि द्राक्ष पिकवणाऱ्या आपल्या भागात घरोघरी फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतात. त्या बाटल्याही जाड, घट्ट झाकणाच्या आणि दिसायला चांगल्या असतात. वर सांगितलेल्या रीतीने त्यांचेही लेबल सफाईने निघेल. म्हणूनच बजावून सांगतो की तेल आणि साबण चिकटा नेतात, विष नेत नाहीत. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या अंगात औषध मुरलेले असते आणि कितीही धुतले तरी ते थोडे थोडे बाहेर येत राहते. त्यातच लेबल काढले की ती बाटली कशाची होती हे सांगणारी एकमेव खूण जाते. मग सहा महिन्यांनी घरातले दुसरे कोणी तिच्यात रॉकेल, तेल किंवा पाणी भरते.

भरलेल्या बाटलीवरचे लेबल तर जिवाचे राखणदार आहे. त्यावर चौकोनाच्या खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. त्याच लेबलावर औषधाचे नाव आणि विषबाधेवरचा उतारा छापलेला असतो. कोणाला बाधा झाली तर दवाखान्यात माणसाबरोबर ती बाटली किंवा लेबलही न्यावे, कारण डॉक्टरांना उपचार ठरवायला तेच लागते. तेल सांडून लेबल सुटू लागले तर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून ते पक्के करा. तिथे चिकटा हवाच.

औषध संपले की बाटलीत पाव भाग पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. असे तीन वेळा करा. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे ती कोणाच्या कामाची राहणार नाही. कीटकनाशकांचे 1971 चे नियमही हेच सांगतात, की रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. विहीर, ओढा आणि गुरांची चरण्याची जागा टाळून खोल खड्डा घ्या. तुमच्या भागात अशी रिकामी डबडी गोळा करण्याची सोय असेल तर तिथे द्या. भंगारवाल्याला देऊ नका, त्याच्याकडून ती पुन्हा कोणाच्या तरी घरात जाते.

तेव्हा भगिनींनो, बरणी हाती घेतली की आधी तिच्यात पूर्वी काय होते ते विचारा. खाण्याचा जिन्नस होता ना? मग पाण्याचे बोट फिरवून चिकट्याची जात ओळखा. खळ असेल तर सोड्याचे गरम पाणी. रबरी असेल तर कोरड्या भांड्यावर शेंगतेल, वीस मिनिटे दम, कोरडे फडके, मग साबण आणि सगळ्यात मागून पाणी. लोणीच्या त्या घरी तिन्ही वस्तू मिळून दीड तास गेला. त्यातला तासभर वेळ तेल, सोडा आणि ऊन काम करत होते, आणि वहिनी दुसरीकडे ज्वारी निवडत बसल्या होत्या.